कॉल भरावा की शेअर जप्त होऊ द्यावे?

काकाजी, जिनिंग कंपनीचे तुमचे 10 रुपयांचे 500 शेअर. 3,000 भरले, 2,000 चा कॉल, म्हणजे शेअरची उरलेली रक्कम भरा अशी कंपनीची मागणी, थकला. कापूस विकून भरला, तर वर थोडं व्याज जाईल, शेअर मात्र राहतील.

जप्त होऊ दिले तर 3,000 बुडाले, सभासदत्व गेलं, अन् 2,000 चं देणं तरी अंगावरच. सोडलं म्हणजे सुटलो, असं नाही! कंपनी ते शेअर दुसऱ्याला, भाव शेअरमागे 4 रुपयांपर्यंत खाली आणून, विकू शकते. त्यातून थकबाकी पूर्ण वसूल झाली, तरच तुम्ही मोकळे. वरचा पैसा कंपनीचा.

जप्तीआधीच्या नोटिशीत सहसा किमान 14 दिवस मिळतात. तेवढ्यात पैसा उभा होत असेल, तर भराच. जप्ती त्यालाच परवडते, ज्याचा हात रिकामा आहे आणि शेअरला गिऱ्हाईक आहे.