पगारकपात: भागाकार ३० ने की २६ ने?

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत शेजारशेजारच्या दोन कारखान्यांत दोघे आतेभाऊ. पगार दोघांचाही ३१,२०० रुपये, सुट्टी फक्त रविवारी. दोघांनी शनिवार आणि सोमवार अशी बिनपगारी रजा घेतली.

पहिल्याच्या कारखान्यात पगाराला ३० ने भागतात, म्हणजे दिवसाचे १,०४० रुपये. दुसऱ्याकडे कामाच्या २६ दिवसांनी भागतात, तिथे दिवस पडतो १,२०० ला. ऐकताना पहिलाच फायद्यात वाटतो. पण ३० मध्ये रविवार धरलेले असतात, म्हणून बरेच ठिकाणी रजेच्या मधला रविवारही कापतात. पहिल्याचे तीन दिवसांचे ३,१२० गेले, दुसऱ्याचे दोनच दिवसांचे २,४००. एखाद्याच दिवसाची रजा असती, तर मात्र ३० वालाच स्वस्तात सुटला असता.

खरी गोची होते ती दोन्ही पद्धतींची खिचडी केल्यावर. भागायचं २६ ने आणि कापायचा रविवारही, की झाले ३,६००! हा सरळ अन्याय आहे. ओळखायचं कसं? अख्खा महिना गैरहजर राहिल्याचा हिशेब मांडा. २६ गुणिले १,२०० म्हणजे बरोबर पूर्ण पगार. त्यात चार रविवार धरले तर कपात ३६,००० वर जाते, पगारापेक्षाही जास्त. उलट ३० ने भागून फक्त कामाचे दिवस कापले, तर महिनाभर न येताही ४,१६० रुपये हातात उरतात. याबद्दल अर्थात कुणी तक्रार करत नाही.

ग्रॅच्युइटीत २६ कायद्यानेच ठरलेला आहे, पण त्यावरून रजेच्या कपातीलाही तोच आकडा लागतो असं नाही. नेमणूकपत्रात भाजक आणि मधल्या सुट्टीचा नियम दोन्ही बघा.