सात महिन्यांचा अनुभव: प्लेलिस्टच्या स्क्रीनशॉटवरून गाण्यांचा तक्ता

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमांसाठी गाण्यांची यादी मी करतो. एप्रिलपासून प्लेलिस्टचा स्क्रीनशॉट स्प्रेडशीट ॲपमधील ‘चित्रातून तक्ता’ या मोफत सोयीला देतो. गाण्यांची देवनागरी नावे ती बिघडवते, त्यामुळे ती हाताने लिहावी लागतात. कालावधी मात्र बहुतांशी अचूक उतरतात.

सुरुवातीला माझा सगळा राग एकाच गोष्टीवर होता. 4:52 हा कालावधी स्प्रेडशीट चार तास बावन्न मिनिटे असा धरते. माझ्या पहिल्या यादीतील दहा गाणी प्रत्यक्षात 47 मिनिटे 20 सेकंदांची होती, पण बेरीज 23:20 दिसली, कारण 47 तास 20 मिनिटांतून पूर्ण झालेला एक दिवस वगळून उरलेले तेवढेच दाखवले गेले. बेरजेला 60 ने भागून त्या चौकटीला `[h]:mm:ss` हे स्वरूप दिले की उत्तर 0:47:20 असे बरोबर येते.

```
=SUM(B2:B25)/60
```

कोजागिरीच्या कार्यक्रमानंतर मात्र माझे मत बदलले. चोवीस गाण्यांची बेरीज 1:48:50 आली होती. निवेदनाची दहा मिनिटे धरून, आठ वाजता सुरू झालेला कार्यक्रम दहाच्या आत संपायला हवा होता. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नसल्यामुळे शेवटचे गाणे अर्ध्यावर थांबवावे लागले, आणि समोर बसलेल्या ज्येष्ठांची निराशा पाहून मला फार वाईट वाटले.

घरी येऊन तक्ता तपासला, तेव्हा सतराव्या ओळीत 4:52 ऐवजी 4:S2 असे उतरलेले आढळले. पाचच्या जागी इंग्रजी अक्षर आल्यामुळे ती चौकट मजकूर ठरली, आणि `SUM` मजकूर कोणतीही सूचना न देता वगळते. खरी बेरीज 1:53:42 होती. मजकूर आपोआप डावीकडे आणि वेळ उजवीकडे सरकते, त्यामुळे ही चूक एरवी लगेच डोळ्यांत भरली असती. पण तक्ता नेटका दिसावा म्हणून मी तो रकाना मध्यभागी जुळवला होता. शिवाय प्लेलिस्टच्या माथ्यावर छापलेली एकूण वेळ, चित्रातील आकडे ओळखताना गोंधळ नको म्हणून, स्क्रीनशॉटमधून कापून टाकली होती.

तासांची चूक हास्यास्पद आकडा दाखवते, म्हणून ती लपत नाही. 1:48:50 हा आकडा मात्र अगदी खरा वाटणारा होता, म्हणून आता मी ही दुसरी चूकच अधिक गंभीर मानतो. आता बेरजेच्या वरच्या चौकटीत मी पुढील सूत्र ठेवतो.

```
=COUNT(B2:B25)
```

चोवीस गाण्यांना तेथे 23 दिसले, तर एक कालावधी मजकूर झाला आहे हे कळते. लांब यादीला दोन स्क्रीनशॉट लागतात, तेव्हा जोडावरचे गाणे दोनदा येते. ते अनुक्रमांकावरून सापडते. 4:52 चे 4.52 झाले, तर ती संख्या असल्याने `COUNT` ला काही खटकत नाही, त्यासाठी माथ्यावरची एकूण वेळ ताडून पाहावीच लागते. एवढ्या तपासणीला पाच मिनिटे पुरतात, म्हणून वर्षाची वर्गणी मागणारे दुसरे ॲप मी घेतलेले नाही.