तयार बेबी किट की घरून जमवलेली बॅग, डायपर की लंगोट: कमी पैशात पहिला आठवडा

पहिल्या वेळी मी तयार किट घेतलं होतं, ते पारदर्शक पिशवीत सगळं रचून ठेवलेलं असतं ना, तसलं. दुसऱ्या वेळी हातात पैसे मोजकेच होते म्हणून एकेक वस्तू जमवली. दोन्ही करून झालंय, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी किटचं बघू. माझ्या किटमध्ये झबली, टोपडी, हातमोजे-पायमोजे, छोटी उशी, साबण, पावडर, कंगवा असं सगळं होतं आणि दिसायला गोड होतं, पण पहिल्या आठवड्यात त्यातलं अर्धंही वापरलं नाही. बाळाला पहिली आंघोळ निदान 24 तासांनी घालायची असते आणि पुढचे काही दिवस नुसत्या ओल्या कापडाने पुसलं तरी चालतं, म्हणजे साबण तसाच पडून. पावडर तर नकोच, ती श्वासातून आत जाते, आणि नाळ कोरडी, उघडी ठेवायची असते, तिच्यावर काहीच लावायचं नाही. उशी पण नको, बाळाला सपाट गादीवर पाठीवर झोपवायचं, आजूबाजूला मऊ काही ठेवायचं नाही. झबली नवजात साइजची होती, ती तीन आठवड्यात काखेत घट्ट झाली. त्यापेक्षा 0 ते 3 महिन्यांची घ्या, पहिले काही दिवस थोडी ढगळ दिसतील एवढंच.

किटची एक बाजू मात्र खरी आहे, वेळ वाचतो. डॉक्टरांनी बेडरेस्ट सांगितलीय आणि दुकानं फिरायला घरात दुसरं कोणी नाही, तर किट घ्या. नाहीतर सहा समोरून उघडणारी झबली, चार दुपटी, दोन टोपडी एवढ्यावर आठवडा निघतो, आणि यातलं बरंचसं कुणाच्या तरी घरी कपाटात पडलेलंच असतं. मागायला लाजू नका, वापरून धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं. फक्त दुसऱ्याची मधे खड्डा पडलेली गादी आणि वापरलेला ब्रेस्टपंप घेऊ नका, काही पंपांच्या आत दूध जाऊन बसतं आणि ते साफच करता येत नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी हॉस्पिटलला एक फोन करा की तुम्ही काय देता आणि काय घरून आणायचं. मी पहिल्या वेळी हे विचारलंच नाही, आणि बेडशेजारच्या कपाटात डायपर आणि पॅड दोन्ही आधीपासून ठेवलेले.

आता खरा खर्च जिथे होतो ते, डायपर की लंगोट. इथे लोक एकदम टोकाला जातात, एक गट म्हणतो लंगोटच, दुसरा म्हणतो कोण धुवत बसणार. माझा आठवडा साधारण असा होता: नॉर्मल डिलिव्हरी, दोन दिवस हॉस्पिटल, पाच दिवस घरी. डायपर पहिल्या दिवशी 3, दुसऱ्या दिवशी 4, मग 6, 8 आणि पाचव्या दिवसापासून रोज 9 असे बदलले तर सात दिवसात 48 होतात. लंगोटाचं गणित वेगळं, पातळ कापड एका शू मध्येच भिजतं, त्यामुळे पाचव्या दिवशी 12 ते 15 पण लागू शकतात, आणि वाळायला एक दिवस धरला तर याच्या दुप्पट जवळ पाहिजेत. कपडे दोन दिवस वाळत नसतील अशी हवा असेल तर तिप्पट. धुणारं माणूस नसेल तर हे स्वस्त नाहीये, आईच्या कमरेवर पडतं सगळं.

म्हणून मी दोन्ही मिसळून केलं. पहिल्या दोन दिवसांची शी काळी-हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते, ती कापडातून निघता निघत नाही, तर हॉस्पिटलच्या बॅगेत 10 डायपर ठेवले. घरी आल्यावर रात्री डायपर, तीन रोजचे, पाच रात्रींचे 15. झाले 25, म्हणजे एकच लहान पॅक, आणि मोठा पॅक स्वस्त पडतो म्हणून उचलायचा मोह टाळलेला बरा कारण बाळ वजनाने मोठं निघालं तर उरलेले वाया जातात. दिवसा लंगोट, रोज 9, त्याचे 18. हे 18 मी विकत घेतलेच नाहीत, 150 बाय 200 सेंटीमीटरच्या एका जुन्या सुती सिंगल बेडशीटमधून 50 सेंटीमीटरचे 12 चौकोन निघतात, दीड बेडशीटमध्ये काम झालं. कडा दुमडून शिवल्या, त्रिकोणी घडी घातली की दोन पदर होतात. धुताना कपडे मऊ करायचं ते लिक्विड घालू नका, कापड पाणी शोषेनासं होतं.

डायपर असो की लंगोट, पुढची कड नाळेच्या खाली दुमडा.

एक फायदा लंगोटाचा असा की शू झाली हे लगेच कळतं, डायपरमधलं जेल थोडी शू गिळून टाकतं आणि वरून कोरडंच लागतं. नवीन आईला हे महत्त्वाचं आहे, कारण दूध पुरतंय का हे शू वरूनच बघायचं असतं: पहिल्या दिवशी निदान 1, दुसऱ्या दिवशी 2, तिसऱ्या दिवशी 3 असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज 6 किंवा जास्त. डायपर वापरत असाल तर एका कोऱ्या डायपरमध्ये दोन-तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात धरून बघा, ओला डायपर किती जड लागतो ते समजतं. शी पण पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. ती अजून काळीच आहे, किंवा लंगोटावर विटेच्या भुकटीसारखे नारिंगी डाग अजून पडतायत, तर त्याच दिवशी बाळाला दाखवायला न्या.

आईच्या पॅडवर मात्र काटकसर करू नका. सिझेरियन झालं तरी रक्तस्राव होतोच, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. जाड, लांब पॅड घ्या, तीन-चार तासांनी बदलायचा म्हणजे दिवसाला 6 ते 8, दोन दिवसांचे 16 बॅगेत. टॅम्पॉन चालत नाहीत. आणि एक पॅड तासाभरात पूर्ण भिजला किंवा अंड्याएवढी गाठ पडली तर पुढचा पॅड लावून वाट बघत बसू नका, लगेच नर्सला बोलवा, घरी असाल तर थेट हॉस्पिटल. सिझेरियनची शक्यता असेल तर पँटी कमरेच्या वरपर्यंत येणारी, सैल इलास्टिकची, दोन साइज मोठी घ्या, नाहीतर इलास्टिक बरोबर टाक्यांवर बसतं.

दूधाची बाटली, पावडरचं दूध, ब्रेस्टपंप हे आधीच घेऊन ठेवू नका, गरज पडली तर डॉक्टर सांगतील तेव्हा आणता येतं.

बॅग 36व्या आठवड्यापर्यंत भरून ठेवा. फाइल, ब्लड ग्रुपचा रिपोर्ट आणि ओळखपत्र बाहेरच्या कप्प्यात, आणि बाळाचं पहिलं झबलं, टोपडं, दुपटं, एक डायपर असं एका वेगळ्या पिशवीत सगळ्यात वर, कारण ते काढायला तुम्ही नसता, घाबरलेलं दुसरंच कोणीतरी असतं. आमच्या ह्यांनी पहिल्या वेळी सगळी बॅग कॉरिडॉरच्या बाकावर उपडी केली होती आणि तरी टोपडं सापडलं नव्हतं.