८ जोड्या, २ कोर्ट, एक रविवार: नॉकआउट, राउंड रॉबिन की लीग?

क्लबात बॅडमिंटन डबल्स ठेवायचं ठरलं की पहिला वाद फॉरमॅटवरूनच होतो. मी आधी कोर्टाचे तास मोजतो. सकाळी ८ ते १ दोन कोर्ट मिळाले तर १० तास, आणि तीन गेमची मॅच वॉर्मअप धरून पाऊण तास खाते, म्हणजे एका कोर्टावर ६, एकूण फार तर १२ मॅचेस.

नॉकआउटला ८ जोड्यांत ७ मॅचेस, तीन तासांत खेळ खल्लास. पण चार जोड्या पहिल्याच मॅचला घरी, आणि कोथरूडहून हडपसरला एवढ्या लांब आलेला माणूस पाऊण तासात परत जाणार, वर एंट्री फी सारखीच, मग पुढच्या वर्षी तो येतोय कशाला. एंट्री ३० वगैरे असतील तर मात्र दुसरा मार्ग नाही.

पूर्ण राउंड रॉबिनला प्रत्येक जोडी बाकी सगळ्यांशी खेळते, म्हणजे त्याच ८ जोड्यांच्या २८ मॅचेस. तीन गेमच्या म्हटल्या तर एका रविवारात विसरा. ५ जोड्या असतील तर १० होतात, तेव्हा बिनधास्त करा.

८ ला माझं मत मधल्या वाटेला, म्हणजे चार-चारचे दोन ग्रुप. ग्रुपच्या १२ मॅचेस २१ पॉइंटच्या एकाच गेमच्या ठेवल्या, २० मिनिटं धरली, तर दोन कोर्टांवर दोन तासांत उरकतात. मग सेमी आणि फायनल तीन गेमच्या, त्याला दीड तास. प्रत्येकाला किमान तीन मॅचेस मिळतात आणि उशिरा येणाऱ्यांसाठी दीड तास शिल्लक राहतो (लागतोच).

भांडण होतं ते टायवर. तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले की पॉइंटचा फरक बघायचा, पण हे ड्रॉच्या चिठ्ठ्या काढायच्या आधीच सांगा, नंतर सांगितलं की कुणाला तरी मुद्दाम बाहेर काढल्यासारखं वाटतं. एखादी जोडी मधेच दुखापतीने थांबली तर तिचे ग्रुपमधले सगळे निकाल रद्द धरा, नाहीतर ज्यांना वॉकओव्हर मिळाला त्यांचा फुकट फायदा. आणि ग्रुपची शेवटची फेरी दोन्ही कोर्टांवर एकाच वेळी लावा, सेमीत कोण कुणाशी हे चिठ्ठीने ठरवा. सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरायचा मोह मोठ्यांनाही होतो, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला डबल्सच्या चार जोड्या याच कारणाने बाद झाल्या होत्या.

लीग म्हणजे तेच राउंड रॉबिन, पण आठवड्याला एकच फेरी: ७ रविवार, दर रविवारी ४ मॅचेस, दीड तास पुरतो. कोर्ट क्लबचं स्वतःचं असेल आणि मंडळी नेहमीचीच असतील तर खरी मजा यातच आहे. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये सुरू करू नका, पाऊस लागला की अर्धी टीम सिंहगडावर, मग गणपती, आणि बाकी राहिलेल्या मॅचेस दिवाळीपर्यंत लोंबकळतात. राहिलेली मॅच १५ दिवसांत खेळा नाहीतर वॉकओव्हर, हा नियम पहिल्या दिवशीच ग्रुपवर टाकून पिन करा.