फीडबॅक मागायचा तर ईमेलवर की फोनवर?

नोकरीच्या मुलाखतीत शेवटच्या फेरीनंतर नकार आला की बहुतेक जण एचआरला ईमेल करतात: 'मी कुठे कमी पडलो ते कळवाल का?' उत्तर येतं ते ठरावीक साच्यातलं. लिहिलेला शब्द पुढे वादात वापरला जाईल, या भीतीने कंपन्या लेखी कारणं द्यायचं टाळतात. तरी ईमेल एका कामासाठी उत्तम: दोन ओळींत आभार मानून दहा मिनिटांचा फोन मागायला. हा ईमेल एक-दोन दिवसांत जावा, कारण मुलाखत घेणारे लवकर विसरतात.

फोनवर माणूस मोकळं बोलतो, म्हणून माझा कल तिकडेच. फक्त प्रश्न नेमका हवा. समजा, सिस्टीम डिझाइनच्या फेरीत तिकीट बुकिंगच्या सॉफ्टवेअरची रचना विचारली होती. 'ती फेरी कशी झाली?' यापेक्षा 'डिझाइनमध्ये मी आधी काय विचारायला हवं होतं?' हे विचारा. उत्तर मिळू शकतं, 'तुम्ही थेट डेटाबेस निवडायला लागलात.' म्हणजे उणीव ज्ञानाची नाही, क्रमाची आहे. पुढच्या तयारीत पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्नांना द्या: एका वेळी किती लोक बुकिंग करतील? एकाच सीटवर दोघांनी क्लिक केलं तर? पैसे कापले गेले पण तिकीट निघालं नाही तर? मित्राला समोर बसवून हे मोठ्याने बोला.

फोनवर निर्णयाविरुद्ध स्वतःची बाजू मांडायला लागलात, तर समोरचा लगेच साच्यातल्या उत्तरावर परततो. आणि 'दुसरा उमेदवार जास्त अनुभवी होता' असं कळलं, तर तयारीत काही बदलू नका.