पाळण्यातून पलंगावर: गोष्ट लेकराच्या नावाची सांगावी की रेडकाची?

लेकरू पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकायला लागलं की पलंगाची वेळ झाली. मग या बदलाची तयारी म्हणून गोष्ट कोणती सांगायची? दोन वाटा आहेत: नायक ते लेकरूच, किंवा एखादं रेडकू.

समजा ओवी सव्वादोन वर्षांची आहे, घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत. तिच्या नावाची गोष्ट एवढीच पुरे:

‘ही ओवीची गोधडी. गोधडी पलंगावर गेली. हा ओवीचा ससा. ससा पलंगावर गेला. पाळणा कुठं गेला? पाळणा माळ्यावर गेला. रात्री ओवीला जाग आली. ओवी म्हणाली, “आई!” आई आली. गोधडी आहे, ससा आहे. ओवी झोपली.’

यातली सगळ्यात कामाची वाक्यं जाग आल्याची. कठडा नसल्यावर उतरून चालत यायचं की हाक मारायची, हे लेकराला इथंच कळतं. ती गाळली तर गोष्ट झोपेपाशी संपते आणि रात्री दोन वाजता काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नसतं. पाळण्याचंही खरं तेच सांगा. तो आत्याकडं जाणार असेल तर ‘आत्याकडं गेला’ म्हणा. माळ्यावर सांगून दारातून नेला तर पुढच्या वाक्यांवरचा विश्वासही जातो. ‘ओवी अजिबात रडली नाही’ हे वाक्य नको. ती रडलीच, तर गोष्ट खोटी पडते. ‘पडायचं नाही हं’ किंवा ‘अंधाराला घाबरायचं नाही’ हेही नको. मनात नसलेली भीती त्यानं येते.

रेडकाची गोष्ट ऐकायला जास्त गोड. गंगावेशीत म्हशी बघितलेल्या असल्या तर आणखीच. रेडकू लहान खोपटात मावेना, म्हणून मोठ्या गोठ्यात गेलं. गळ्यातली घंटा तीच राहिली. पण दोन वर्षांचं लेकरू गोठ्यावरून पलंगावर उडी घेत नाही. त्याला ते रेडकू आवडतं आणि ते तिथंच राहतं. म्हणून अडीच वर्षांपर्यंत नावाचीच गोष्ट घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. जमलं तर त्याच गोधडीचे, त्याच पलंगाचे पाच-सहा फोटो कागदावर चिकटवा, एका पानावर एक.

तीन वर्षांच्या पुढं मात्र पारडं फिरतं. ‘नाही, मी नाही जाणार’ म्हणणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावाची गोष्ट हुकमासारखी लागते. तिथं रेडकू हट्ट करतं, खोपटाकडं परत बघतं, आणि मूल त्याची समजूत घालतं. शेवटी फक्त विचारा, ‘तुझ्या पलंगावर काय न्यायचं?’ उत्तर आलं की गोष्ट पोचली.

कोणतीही घ्या, पलंग यायच्या चार-पाच दिवस आधी सुरू करा. महिनाभर आधी सांगितली तर रोज ‘पलंग कुठंय?’ सुरू होतं. पलंग आल्यावरही दोनेक आठवडे तीच गोष्ट त्याच शब्दांत, आता पलंगावर बसून सांगा.