फक्त फेरिटिन करावं, की सोबत ट्रान्सफेरिनही?

हिमोग्लोबिन कमी आलं की लॅबच्या काउंटरवर पुढचा प्रश्न येतोच: फक्त फेरिटिन करू, की आयर्न स्टडीजचा पूर्ण सेट? मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. माझ्याच मोठ्या वहिनीच्या वेळी हा प्रश्न घरात आला, म्हणून तिचंच उदाहरण घेते.

फेरिटिन म्हणजे घरातली कणगी. पेशींच्या आत हे पोकळ गोळ्यासारखं प्रथिन असतं आणि एका गोळ्यात सुमारे 4500 पर्यंत लोहाचे अणू मावतात. त्यातलं थोडंसं रक्तात येतं, तेच आपण मोजतो. ट्रान्सफेरिन म्हणजे दाभोळ-धोपावेची फेरी. रक्तातून लोह इकडून तिकडे नेणं हे तिचं काम, आणि एका रेणूत दोनच जागा. त्यापैकी किती टक्के जागा भरल्यात ते सॅच्युरेशन सांगतं. लोह कमी पडलं की यकृत जास्त फेऱ्या सोडतं. त्यामुळे एकूण जागा, म्हणजे रिपोर्टवरचं टीआयबीसी, वाढते आणि भरलेल्या जागांचा टक्का घसरतो. साधारण 20 ते 45 टक्के ठीक समजतात.

या फेरीत चढणारं लोह येतं कुठून? जेवणातून रोज जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम आत जातं, तेही लहान आतड्याच्या पहिल्या भागातून. हाडांतल्या मगजाला मात्र नव्या लाल पेशींसाठी रोज 20 ते 25 मिलिग्रॅम लागतं. उरलेलं जवळजवळ सगळं जुन्या पेशींतूनच परत मिळतं. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, मग प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, लोह सोडवून घेतात आणि पुन्हा फेरीत बसवतात. म्हणून दर महिन्याला जास्त रक्त जाणाऱ्या बाईचा तोटा नुसत्या तिसऱ्या-कुळथाने लवकर भरून निघत नाही.

आता वहिनी. वय 38, पाळीला रक्तस्राव जास्त, धाप लागायची. गणपतीच्या आधी ताप आला आणि त्याच आठवड्यात तिने तपासणी केली. हिमोग्लोबिन 10.2, फेरिटिन 85. रिपोर्टवर ‘नॉर्मल’ बघून घरात सगळे निर्धास्त झाले, मी झाले नाही. तापात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते भक्षक पेशी आणि आतडं या दोन्हींच्या दारांना कडी घालतं. लोह आत अडकतं आणि कणगी भरल्यासारखी दिसते. शिवाय जंतुसंसर्गात फेरिटिन स्वतःहूनही वाढतं. एरवी धडधाकट प्रौढात फेरिटिन 15 च्या खाली गेलं तर साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटना मानते, पण संसर्ग किंवा सूज असताना ही रेषा 70 वर नेते. 85 हा आकडा त्या रेषेच्या थोडाच वर.

तेव्हा आम्ही उरलेला सेट केला. रक्तातलं लोह 34, टीआयबीसी 378, म्हणजे सॅच्युरेशन 9 टक्के. शरीरातली सूज दाखवणारी चाचणी सीआरपी 48. पण इथे सॅच्युरेशनवरही डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण तापात रक्तातलं लोह तसंही घसरतं. मला बोलका वाटला तो टीआयबीसी. सुजेत ट्रान्सफेरिन कमी होतं, तरी तिचं 378 टिकून होतं. संशय पक्का झाला, निदान नाही. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं.

पाच आठवड्यांनी, सीआरपी उतरल्यावर, फेरिटिन 11 आलं.

म्हणून माझं मत: ताप-सर्दी-सांधेदुखी नसेल आणि एकाच चाचणीचे पैसे असतील, तर फेरिटिन. ते कमी आलं तर त्याचा अर्थ एकच, साठा नाही. ते जास्त आलं तर मात्र काहीही कळत नाही. सूज, यकृतात चरबी, दारू, खरोखरच जास्त लोह, सगळ्यात ते वाढतं. तेव्हा सॅच्युरेशन हवंच, आणि ते 45 टक्क्यांच्या वर गेलं तर लोह खरंच साठतंय का ते पाहावं लागतं. लाल पेशी बारीक पण फेरिटिन चांगलं असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी थॅलेसेमियाची तपासणी करावी. सॅच्युरेशनसाठी सकाळी उपाशीपोटी या आणि त्या दिवशी लोहाची गोळी आधी घेऊ नका, नाहीतर आकडा फुगतो. फेरिटिनला जेवणाने फरक पडत नाही.

वहिनीला गोळी एक दिवसाआड दिली, कारण एका डोसनंतर साधारण दिवसभर हेप्सिडिन चढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. सोबत लिंबू सरबत. चहा दोन तासांनी. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 12.4 झालं आणि ती म्हणाली, “आता पुरे गं गोळ्या.” फेरिटिन तेव्हा 19 होतं. गोळी अजून तीन महिने चालू ठेवली.